समोरच्या दाताची कॅप खुर्चीत जुळते, बाहेर वेगळी दिसते: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

वरच्या समोरच्या दोन दातांपैकी फक्त एकावर कॅप बसवायची असेल, तर दंतवैद्यकातलं रंग जुळवण्याचं ते सगळ्यात अवघड काम. दोन्ही दातांवर कॅप असली की त्या एकमेकींशी जुळतात आणि शेजारच्या दातांशी थोडा फरक राहिला तरी कोणी बघत नाही. एकच असली की हुबेहूब तुलनेसाठी जोडीदार अगदी खेटून उभा असतो. रंग जमला नाही म्हणून परत आलेल्या अशा कॅप मी वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलो आहे आणि त्यामागची कारणं पुन्हा पुन्हा तीच निघतात. हे मुख्यतः क्लिनिकमध्ये काम करणाऱ्यांसाठी लिहितो आहे. ज्यांना अशी कॅप बसवायची आहे त्यांनाही ते समजेल आणि शेवटचा भाग त्यांच्यासाठी जास्त कामाचा आहे.

लक्षणं

तक्रार चारपैकी एका प्रकारात बसते आणि प्रकार ओळखला की अर्धं काम होतं.

१. खुर्चीत बरी दिसते, पण बाहेर उन्हात किंवा गाडीच्या आरशात करडी, मळकट दिसते. हिरडीजवळ जास्त.

२. बसवली त्या दिवशी जुळली होती, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेजारच्या दातांपेक्षा पांढरी दिसायला लागली.

३. एका ठिकाणी जुळते, दुसऱ्या ठिकाणी नाही. दिवसा ऑफिसमध्ये ठीक, संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली नाही, किंवा उलट.

४. रंग बरोबर आहे असं सगळे म्हणतात, पण दात सपाट आणि बनावट वाटतो.

पहिली तपासणी: फरक उजळपणाचा आहे की रंगाचा?

याला काही खर्च नाही. पेशंटला खिडकीकडे तोंड करून बसवा, ओठ बाजूला घ्या, दात ओले ठेवा आणि मोबाइलवर फ्लॅश न वापरता दोन्ही दातांचा एकाच चौकटीत फोटो काढा. मग तो कृष्णधवल करा. कॅप शेजारच्या दातापेक्षा गडद किंवा फिकट दिसली तर चूक व्हॅल्यूमध्ये, म्हणजे उजळपणात आहे. दोन्ही दात सारखेच करडे दिसले आणि रंगीत फोटोत मात्र वेगळे, तर चूक ह्यू किंवा क्रोमामध्ये, म्हणजे छटेत किंवा रंगाच्या दाटपणात आहे.

हे आधी ठरवायचं कारण असं, की ह्यूमधली थोडी चूक बोलण्याच्या अंतरावरून कोणाच्या लक्षातही येत नाही, पण व्हॅल्यू चुकली तर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळतं. परत आलेल्या बहुतेक कॅपमध्ये मला चूक व्हॅल्यूचीच सापडते. केसपेपरवर मात्र चर्चा छटेचा गट 'ए की बी' याचीच असते.

पुढचा उपायही यावरच ठरतो. कॅप जास्त पांढरी असेल तर वरून स्टेन लावून, पुन्हा भट्टीत भाजून ती थोडी उतरवता येते. कॅप गडद किंवा करडी असेल तर कोणताही स्टेन तिला उजळ करू शकत नाही, कारण प्रत्येक स्टेन थोडा प्रकाश गिळतो. पांढरा स्टेन लावून बघणारे असतात. त्याने दात उजळत नाही, खडू फासल्यासारखा दिसतो. म्हणून शेड निवडताना शेड गाइडमधल्या दोन टॅबमध्ये, म्हणजे दाताच्या रंगाच्या दोन नमुन्यांमध्ये, मन अडलं तर उजळ टॅब घ्यावा. तिथून परत येता येतं.

दुसरी तपासणी: शेड घेतली तेव्हा दात ओले होते का?

दुसऱ्या लक्षणाचं कारण जवळजवळ नेहमी इथे सापडतं. इनॅमलच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी असतं, म्हणून प्रकाश त्यातून सहज आत जातो आणि खालच्या डेंटिनचा पिवळसर रंग घेऊन बाहेर येतो. तोंड उघडं राहिलं, हवा मारली, कापूस ठेवला की त्या छिद्रांत पाण्याच्या जागी हवा शिरते. मग प्रकाश वरच्या थरातच विखुरतो आणि दात पांढरा, अपारदर्शक दिसतो. काही मिनिटांत हा फरक डोळ्याला दिसतो. रबर डॅमखाली दहा-पंधरा मिनिटं गेली तर तो पूर्ववत व्हायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागतो, कधीकधी दुसरा दिवसही उजाडतो.

आता क्रम बघा. बधिर करण्याचं इंजेक्शन, कॅपसाठी दात घासून लहान करणं, माप घेणं हे सगळं उरकल्यावर कोणीतरी शेड गाइड काढतो. तोवर शेजारचे दात कोरडे पडलेले असतात आणि शेड एक-दोन पायऱ्या उजळ निवडली जाते. कॅप बसवण्याच्या दिवशीही दात कोरडेच असतात, त्यामुळे ती जुळलेली दिसते. रात्रीतून दात ओले होतात, आपल्या मूळ रंगावर येतात आणि कॅप एकटी पांढरी राहते.

यावर एकच उपाय: पेशंट खुर्चीत बसल्यावर सगळ्यात आधी शेड घ्यायची, इंजेक्शनच्याही आधी. चहा-तंबाखूचे डाग असतील तर दात साफ करून, चूळ भरायला लावून. लिपस्टिक पुसायला सांगावी आणि कपडे भडक असतील तर वरून करड्या रंगाचं कापड टाकावं. लाल ओठांशेजारी डोळ्याला दात हिरवट-करडा वाटतो, म्हणून ही काळजी. दातांचं ब्लीचिंग केलं असेल तर निदान दोन आठवडे थांबावं, रंग स्थिर होऊ द्यावा आणि मग शेड घ्यावी.

तिसरी तपासणी: शेड कोणत्या प्रकाशात घेतली?

खुर्चीवरचा दिवा शेड घेताना बंद करा. शेड बघायला साधारण हजार-दीड हजार लक्स प्रकाश पुरतो, खुर्चीवरचा दिवा त्याच्या दहापट किंवा अधिक तीव्र असतो. एवढ्या झगझगाटात ओल्या दातावर चमक येते आणि त्याखालचा रंग धुऊन निघतो. दोन शेजारचे टॅब सारखेच दिसायला लागतात.

दिवसाउजेडाजवळचा, म्हणजे ५,००० ते ६,५०० केल्विनच्या दरम्यानचा आणि रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर असलेला प्रकाश हवा. दुपारच्या सुमाराची, थेट ऊन न येणारी खिडकी चालते. सकाळी लवकर आणि संध्याकाळी उजेड तांबूस असतो, म्हणून ती वेळ टाळावी. ढगाळ दिवसाचा उजेड निळसर असतो. खिडकीवर अवलंबून राहायचं नसेल तर याच मापाचा दिवा लावून घ्यावा. खोलीच्या भिंती फिक्या करड्या किंवा पांढऱ्या असाव्यात, कारण रंगीत भिंत आपला रंग दातावर फेकते.

तिसऱ्या लक्षणामागे मात्र आणखी एक गोष्ट असते, तिला मेटामेरिझम म्हणतात. दात आणि सिरॅमिक हे वेगवेगळे पदार्थ आहेत. प्रकाशातल्या प्रत्येक लहरीपैकी किती परतवायची, हे दोघांचं वेगळं असतं. एका दिव्याखाली दोघांची गोळाबेरीज डोळ्याला सारखी लागते. दिव्यातल्या लहरींचं प्रमाण बदललं की हिशेब मोडतो आणि फरक उघडा पडतो. हे पूर्ण टाळता येत नाही, पण पकडता येतं. निवडलेला टॅब तीन ठिकाणी बघायचा: खिडकीपाशी, खोलीच्या ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या दिव्याखाली. एका ठिकाणी अप्रतिम आणि दुसऱ्या ठिकाणी भयंकर, यापेक्षा तिन्हीकडे बऱ्यापैकी दिसणारा टॅब घ्यावा. पेशंटचा दिवस कुठल्या उजेडात जातो हेही विचारावं. रंगमंचावर किंवा अतिनील दिव्यांखाली काम करणाऱ्यांसाठी हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. खरा दात अतिनील प्रकाशात निळसर-पांढरा उजळतो, प्रतिदीप्ती नसलेली कॅप तिथे काळी पडल्यासारखी दिसते.

चौथी तपासणी: टॅब कसा धरला, किती वेळ बघितला

सोळा टॅबचा नेहमीचा शेड गाइड ए, बी, सी, डी अशा गटांत लावलेला येतो. तो तसाच वापरला की डोळा आधी छटा शोधतो, उजळपणा मागे पडतो. टॅब काढून उजळपणाच्या क्रमाने लावून ठेवा: बी१, ए१, बी२, डी२, ए२, सी१, सी२, डी४, ए३, डी३, बी३, ए३.५, बी४, सी३, ए४, सी४. मग हाताच्या अंतरावरून, डोळे किलकिले करून, पटकन ओळीने फिरवा. किलकिल्या डोळ्यांना बारीक छटा दिसत नाहीत, उजेड-अंधार तेवढा दिसतो. इथे आपल्याला तेवढंच हवं असतं. व्हॅल्यू ठरली की मग त्या आसपासच्या टॅबमधून छटा निवडा. छटा कळत नसेल तर सुळ्याकडे बघा, तिथे रंग सर्वांत दाट असतो.

एका टॅबकडे पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त बघू नका. त्यानंतर डोळा त्या रंगाला सरावतो आणि फरक पुसट व्हायला लागतो. मध्ये करड्या कागदाकडे बघून डोळ्याला विसावा द्या. निळा कागद वापरण्याची जुनी पद्धत आहे, पण निळ्याकडे बघितल्यावर डोळ्यात पिवळ्याची छाप उरते, म्हणून करडाच बरा.

टॅब दाताच्या पुढे किंवा मागे धरू नका. त्याची कड दाताच्या कडेला लावून, एकाच पातळीत धरा. आत गेलेला टॅब सावलीमुळे गडद वाटतो. टॅबच्या मानेकडचा गडद भाग तुलनेत धरू नका, मधल्या तिसऱ्या भागाशीच तुलना करा. टॅबही ओला करा.

पाचवी तपासणी: खाली काय आहे

पहिल्या लक्षणात, म्हणजे बाहेर करडी दिसणाऱ्या कॅपमध्ये, वरच्या चारही गोष्टी बरोबर असूनही काम फसू शकतं. टॅबमध्ये सिरॅमिक जाड असतं आणि त्याच्यामागे काही नसतं. कॅप मात्र जेमतेम एक-दीड मिलिमीटरची असते आणि तिच्यामागे घासलेला दात असतो. तो काळपट असला तर त्याची सावली वर येते.

एक केस तपशीलवार सांगतो. तिशीतल्या पेशंट, डावीकडचा वरचा समोरचा दात. लहानपणी मार लागलेला, नंतर रूट कॅनाल झालेलं. दुसरीकडे बनवलेली लिथियम डायसिलिकेटची कॅप तात्पुरत्या सिमेंटवर होती. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तिथे खुर्चीत छान दिसत होता. खाली गाडीत बसले, आरशात बघितलं, तर दात मेल्यासारखा वाटला."

कृष्णधवल फोटोत कॅप मधल्या भागात थोडी आणि हिरडीजवळ स्पष्ट गडद होती. म्हणजे व्हॅल्यूची चूक. दात ओले करून, थांबून पुन्हा बघितलं, फरक तेवढाच. तिन्ही प्रकाशांत करडी, फक्त पिवळ्या दिव्याखाली कमी. म्हणजे मेटामेरिझम हे मुख्य कारण नव्हे. शेजारच्या दाताला टॅब लावला: मध्ये ए१ आणि ए२ च्या दरम्यान, मानेकडे ए२. लॅबला गेलेली शेड होती ए२. थोडी गडद, पण एवढा करडेपणा त्यातून येत नाही.

मग कॅप काढली. खालचा दात तपकिरी-करडा, मानेपाशी जवळजवळ शिसवी. कॅप पांढऱ्या कागदावर ठेवली तर छान उजळ, काळ्यावर ठेवली तर लगेच मंद. इतकी पारदर्शक कॅप अशा दातावर चालणार नव्हती. खात्रीसाठी आतून पांढरी अपारदर्शक ट्राय-इन पेस्ट, म्हणजे सिमेंटच्या रंगाची पण धुऊन निघणारी पेस्ट, भरून कॅप बसवली. मधला भाग लगेच उजळला, मान करडीच राहिली. निदान झालं: खालच्या दाताचा रंग वर येतो आहे, आणि मानेपाशी सिरॅमिक पातळ असल्याने तिथे जास्त.

ही पेस्टची चाचणी प्रत्येकाने करावी. कोरडी कॅप दातावर ठेवून रंग ठरवू नये. मध्ये हवेची फट राहते आणि प्रकाश तिथूनच परततो, त्यामुळे कॅप आहे त्यापेक्षा वेगळी दिसते. निदान पाणी किंवा ग्लिसरीन तरी भरावं. पांढऱ्या पेस्टने पूर्ण जुळलं तर त्या रंगाचं सिमेंट पुरेल. अर्धंच जुळलं तर सिमेंटवर भिस्त ठेवू नये, त्याचा थर इतका पातळ असतो की काळपट दात त्याने झाकला जात नाही.

या पेशंटचा एक्स-रे काढला, रूट कॅनाल व्यवस्थित होतं. मुळातलं भरण दाताच्या मानेखाली दोन मिलिमीटरपर्यंत काढून त्यावर ग्लास आयोनोमरचा अडसर बसवला आणि आतून ब्लीचिंग केलं. हा अडसर वगळू नये. ब्लीचिंगचं औषध मुळाच्या बाजूने बाहेर झिरपलं तर मानेपाशी मूळ बाहेरून खात जाण्याचा धोका असतो. दोन-तीन बैठकींत दात शिसवीवरून फिक्या पिवळ्यावर आला. दोन आठवडे थांबलो, मानेकडे आणखी थोडी जागा केली, नव्याने माप घेतलं. लॅबला मध्यम अपारदर्शक गाभा आणि त्यावर थर देऊन पोर्सिलेन, अशी सूचना दिली, सोबत घासलेल्या दाताच्या रंगाचा फोटो. कारण त्याची शेड कळल्याशिवाय टेक्निशियनला गाभा निवडता येत नाही. नवी कॅप तिन्ही प्रकाशांत जुळली. ओठ वर उचलून अगदी जवळून बघितलं तर मानेपाशी किंचित फरक राहिला, तो आम्ही दोघांनी बघून मान्य केला आणि मगच कायमचं सिमेंट लावलं.

खाली धातूचा पोस्ट असेल तर ब्लीचिंगने काही होत नाही. तिथे अपारदर्शक कंपोझिटने धातू झाकावा किंवा सुरुवातीपासून जास्त अपारदर्शक गाभा घ्यावा.

सहावी तपासणी: लॅबला नेमकं काय कळवलं

चौथं लक्षण इथे सुटतं. 'ए२' एवढंच लिहून पाठवलं तर लॅब एकरंगी ए२ दात बनवते, आणि खरा दात एकरंगी नसतो. मान दाट, मध्य उजळ, कडेला निळसर पारदर्शक पट्टा, कधी पांढरे ढग, कधी बारीक तडे. कागदावर दात मोठा काढून हे सगळं जागेवर लिहा. फोटोत निवडलेला टॅब, एक त्याहून उजळ आणि एक गडद असे तिन्ही दाताच्या पातळीत, नंबर वाचता येईल असे ठेवा. फ्लॅश समोरून थेट नको, बाजूने द्या. टेक्निशियन फोटोतल्या रंगावर विश्वास ठेवत नाही, फोटोतल्या टॅब आणि दातातल्या फरकावर ठेवतो.

पृष्ठभागही सांगा. तरुण दातावर बारीक आडव्या रेषा आणि उंचसखलपणा असतो. प्रकाश त्यावर पसरतो आणि दात उजळ दिसतो. तीच कॅप आरशासारखी गुळगुळीत केली की रंग न बदलता ती मंद आणि बनावट दिसते. पुष्कळदा शेड बदलायची गरजच नसते, पृष्ठभागाचं काम पुरतं.

शेड मोजण्याचं यंत्र असेल तर वापरा, व्हॅल्यूच्या बाबतीत ते डोळ्याला चांगलं धरून ठेवतं. पण ते लहानशा ठिपक्याचं माप देतं आणि कडेच्या पारदर्शक भागात चुकतं. मोजमापाच्या भाषेत दोन रंगांतलं अंतर, म्हणजे डेल्टा ई, १.२ च्या आसपास गेलं की निम्म्या लोकांना फरक दिसायला लागतो आणि २.७ च्या पुढे निम्म्यांना तो खटकतो. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आपलं बरंचसं काम चालतं.

कंपोझिटने कड भरायची असेल तर एवढंच: दात आम्लाने एच करण्याआधी कंपोझिटचा छोटा गोळा दातावर ठेवून लाइटने कडक करा, ओला करून बघा आणि काढून टाका. कडक झाल्यावर कंपोझिटचा रंग बदलतो, म्हणून ट्यूबमधला रंग बघून ठरवू नये.

इथे थांबा

दुसरी कॅपही जमली नाही तर तिसरी त्याच पद्धतीने करू नका. टेक्निशियनने पेशंटला प्रत्यक्ष बघावं अशी व्यवस्था करा, किंवा केस प्रोस्थोडॉन्टिस्टकडे द्या. खालचा दात काळपट आणि एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी सावली असेल तर रंगाचं काम बाजूला ठेवा, आधी रूट कॅनाल तज्ज्ञाचं मत घ्या. कायमची बसवलेली कॅप तोंडातच घासून किंवा वरून कंपोझिटचा रंग लावून जुळवायला जाऊ नका. चकाकी जाते, डाग धरतात आणि शेवटी ती कापूनच काढावी लागते.

पेशंटसाठी: कॅप कायमची बसवण्याआधी खिडकीपाशी आणि बाहेर जाऊन बघण्याची वेळ मागा आणि शंका असेल तर तेव्हाच सांगा. तात्पुरत्या सिमेंटवर काही दिवस घरी नेऊन बघता येईल का, हेही विचारा. ब्लीचिंगने कॅपचा रंग बदलत नाही, फक्त शेजारचे दात उजळतात, म्हणून ते करायचं असेल तर कॅपच्या आधी. कॅप पांढरी करण्यासाठी कोळशाची किंवा खरखरीत पावडर घासू नका, चकाकी निघून जाईल. आणि कॅप नसलेला, स्वतःचा दात नव्याने करडा किंवा गुलाबी दिसायला लागला असेल, दुखत नसला तरी, तर शेडचा विचार न करता आधी दाखवून घ्या. आतली नस मेलेली असू शकते किंवा दात आतून खात असू शकतो.